फू म्हणजे काय रे भाऊ?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सी प्रोग्रॅमिंगच्या तासाला सरांनी फळ्यावर हे लिहिलं होतं:

```c
int foo(int bar) {
    return bar + 1;
}
```

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातला. `int` आणि `return` पुस्तकातल्या यादीत होते. सी भाषेचे राखीव शब्द बत्तीस, ते मी आदल्या आठवड्यातच पाठ केले होते. `foo` त्यात नव्हतं. घरून आणलेल्या इंग्रजी-मराठी शब्दकोशातही नव्हतं. पुढच्या तासाला मी उभा राहून विचारलं, "सर, फू म्हणजे काय?" मागच्या बाकांवर हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, "अरे, फू म्हणजे फू!" त्यावर आणखी हशा. मी खाली बसलो आणि त्या सत्रात पुन्हा काही विचारलं नाही.

उत्तर रात्री हॉस्टेलवर एका सिनियरने दिलं. "फू म्हणजे अमुक, बार म्हणजे तमुक. गणितात 'समजा क्ष' म्हणायचास ना, तसंच. नावाला अर्थ नाही, म्हणून मुद्दाम बिनअर्थाचं नाव." एका मिनिटात विषय संपला. म्हणजे हशा ज्या गोष्टीवर पिकला होता ती अवघड नव्हतीच. पुढे मैत्री झाल्यावर मी त्या हसणाऱ्यांपैकी दोघांना विचारलं, हा शब्द आला कुठून? त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांना फक्त इतकंच माहीत होतं की इथे हसायचं असतं.

तो शब्द कुठून आला हे शोधता शोधता मी खेळण्यातल्या आगगाड्यांच्या एका खोलीपर्यंत पोचलो. मित्रांच्या टोळक्यातला विनोद कसा तयार होतो, कसा टिकतो आणि बाहेरच्याला का टोचतो, हे समजून घ्यायला त्या खोलीइतकी चांगली जागा मला दुसरी सापडलेली नाही.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये 'बिल्डिंग २०' नावाची एक लाकडी इमारत होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, रडारच्या संशोधनासाठी तात्पुरती म्हणून बांधलेली ही इमारत १९९८ पर्यंत उभी होती. तिथल्या एका खोलीत 'टेक मॉडेल रेलरोड क्लब' चाले. खोलीभर पसरलेलं एक भलंमोठं टेबल, त्यावर डोंगर, गावं, रूळ आणि धावणाऱ्या छोट्या गाड्या. क्लबात दोन तट होते. एका तटाला हुबेहूब डबे रंगवण्यात, देखावा उभारण्यात रस होता. दुसरा तट टेबलाखाली असे. तिथे तारांचं जंगल होतं, टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले होते, आणि कुठल्या रुळावर कुठली गाडी कोणाच्या हुकमाने धावेल हे त्यांच्यातून ठरे. या मंडळींच्या समितीचं नाव 'सिग्नल्स अँड पॉवर'.

क्लबाचा एक नियम होता. मांडणीवर चाळीस तास काम केलं की तुम्हाला खोलीची स्वतःची किल्ली मिळे. चाळीस तास टेबलाखाली, बहुधा रात्री, त्याच चार-पाच जणांसोबत. इतका वेळ एकत्र घालवला की माणसं स्वतःची भाषा तयार करतातच. एखादं उपकरण चालत नसेल तर ते 'हरतंय'. कायमचं बिघडलं तर ते 'मंग' झालं. साठलेला कचरा म्हणजे 'क्रफ्ट'. वर्गातला अभ्यास मन लावून करणारा तो 'टूल', म्हणजे हत्यार. आणि निव्वळ करण्याच्या आनंदासाठी केलेली चतुर करामत म्हणजे 'हॅक'. आज बँकेच्या मेसेजमध्ये 'हॅकिंगपासून सावध राहा' असं येतं, त्या शब्दाचा संगणकाच्या जगातला प्रवास या टेबलाखालून सुरू झाला.

१९५९ मध्ये पीटर सॅमसन या विद्यार्थ्याने क्लबातल्या शब्दांचा एक कोश तयार केला. तो तेव्हा पहिल्या वर्षाला होता. या कोशाची गंमत अशी की तो नवख्याला भाषा शिकवण्यासाठी लिहिलेला नव्हता. 'फू' या शब्दाचा अर्थ देताना सॅमसनने 'ॐ मणिपद्मे हुं' या तिबेटी मंत्राचं विडंबन केलं आणि फू हे पवित्र अक्षर असल्याचं गंभीर चेहऱ्याने नोंदवून टाकलं. ज्याला क्लब ठाऊक आहे त्याला ते वाचून हसू फुटे. ज्याला ठाऊक नाही तो वाचण्याआधी जिथे होता तिथेच राही. शब्दाचा अर्थ द्यायच्या जागी त्यावर आणखी एक थर चढला होता.

'फू' मात्र सॅमसनने निर्माण केलेला नव्हता. १९३५ पासून अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत 'स्मोकी स्टोव्हर' नावाची एका अग्निशामक जवानाची चित्रमालिका येत असे. तिचा चित्रकार बिल होल्मन जिथे जागा मिळेल तिथे, पाट्यांवर, गाडीच्या नंबरप्लेटवर, 'फू' हा शब्द घुसवत असे. एका चिनी मूर्तीच्या तळाशी आपल्याला तो लिहिलेला दिसला, असं तो सांगायचा. ही चित्रं बघत मोठी झालेली मुलं पन्नाशीच्या दशकात कॉलेजात पोचली होती. मागे जोडलेला 'बार' बहुधा महायुद्धातल्या सैनिकांच्या 'फूबार' या शब्दातून आला. तो एका अश्लील वाक्याच्या आद्याक्षरांचा शब्द होता आणि 'पार वाट लागली' हा त्याचा सभ्य अनुवाद होईल.

आता प्रश्न असा की, त्या खोलीत वर्षाला हजारो बाष्कळ शब्द उच्चारले गेले असतील. मग 'फू'च का टिकला?

याचं मला पटलेलं उत्तर गॅरी अ‍ॅलन फाइन या समाजशास्त्रज्ञाने दिलेलं आहे. फाइन शाळकरी मुलांच्या बेसबॉल संघांसोबत अनेक महिने बसून राहिला आणि त्यांची टोपणनावं, चिडवाचिडवी, विचित्र नियम टिपत गेला. १९७९ च्या एका शोधनिबंधात त्याने मांडलं की प्रत्येक छोट्या गटाची स्वतःची एक बारकी संस्कृती असते, आणि एखादी गोष्ट त्या संस्कृतीत रुजायची तर तिला पाच चाळण्यांतून जावं लागतं. ती गोष्ट गटाला आधीपासून थोडी ओळखीची हवी. ती गटात उघडपणे वापरता यायला हवी. तिचा गटाला काही उपयोग हवा. गटातल्या मानाच्या उतरंडीत ती बसायला हवी. आणि शेवटी, ती पेटवणारी एखादी घटना घडायला हवी.

'फू' या चाळण्यांतून घालून बघा. ओळखीचा तो होताच, चित्रमालिकेमुळे. वापरायला सोपा: 'फूबार' प्राध्यापकासमोर म्हणता आला नसता, नुसता 'फू' म्हणता येई. उपयोग होता, कारण तारा आणि रिले जोडताना 'हे जे काय आहे ते' याला सारखं नाव लागतं. उतरंडीत बसला, कारण तो टेबलाखालच्या तटाच्या तोंडी होता आणि खोलीत वजन त्यांचंच होतं. हाच शब्द एखाद्या नवख्याने काढला असता तर त्याच्याकडे नुसतं बघून लोक कामाला लागले असते. कुठल्याही ग्रुपमध्ये बघा, एकाच दर्जाचा विनोद दोघांनी केला तर पुढे कोणाचा चालतो ते.

राहिली पेटवणारी घटना. शब्द पहिल्यांदा कधी पेटला ते इतक्या वर्षांनी बोट ठेवून दाखवता येत नाही, पण तो पुन्हा पुन्हा कसा पेटत राहिला ते दिसतं. त्या मांडणीत गाडी कशावर तरी आदळणार असं दिसलं की सगळं थांबवण्यासाठी खोलीत ठिकठिकाणी बटणं बसवली होती. नियंत्रणाच्या फलकावर एक डिजिटल घड्याळही होतं, आणि त्या काळात ते मोठं अप्रूप होतं. कोणी ते बटण दाबलं की घड्याळ थांबे आणि वेळेच्या जागी `FOO` अशी अक्षरं उमटत. त्या बटणांचं नावच मग 'फू स्विच' पडलं. प्रत्येक टळलेल्या अपघातागणिक विनोद ताजा होई. चालत्या विनोदाला असं इंधन लागतं. ज्या विनोदाची घटना पुन्हा घडत नाही तो गॅदरिंगच्या फोटोसारखा भिंतीवर राहतो, रोज तोंडी येत नाही.

त्या क्षणी पहिल्यांदाच खोलीत आलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. गाड्या थांबल्या, घड्याळावर निरर्थक तीन अक्षरं आली आणि पाच जण हसायला लागले. त्याला काय काय कळलेलं नाही? शब्द कळलेला नाही, हे वरवरचं. शब्दामागची घटना कळलेली नाही, हे त्याच्या खालचं. सगळ्यात खाली ही गोष्ट आहे की त्या घटनेत तो नव्हता. पहिल्या दोन गोष्टी सांगून भरून निघतात. तिसरी कितीही सांगितली तरी भरून निघत नाही. म्हणून आपसातला विनोद समजावून सांगितला की ऐकणारा "अच्छा" म्हणतो, पण हसत नाही. त्याला माहिती मिळालेली असते, पण त्या रात्रीतली जागा मिळालेली नसते.

शिवाय विचारण्याची एक किंमत असते. विचारलं की आपण नवे आहोत हे पुन्हा जाहीर होतं, आणि रंगात आलेल्या मंडळींना आपल्यासाठी थांबावं लागतं. म्हणून बहुतेक जण विचारत नाहीत. ते हसतात. नीट बघितलं तर हे हसणं ओळखू येतं, ते इतरांपेक्षा अर्ध्या सेकंदाने उशिरा येतं. पण गटाला वाटतं, याला कळलं, त्यामुळे कोणी सांगत नाही. पुढचा नवखा आला की हाच माणूस त्याच्यासमोर जुन्यासारखा हसतो. माझ्या वर्गातले मागच्या बाकावरचे अशाच साखळीतले होते.

खोलीपुरतं हे निभावतं, कारण खोलीत चाळीस तासांची सोय आहे. तिथेही ती सगळ्यांसाठी सारखी नव्हती. त्या टेबलाखाली जवळजवळ सगळे पुरुषच होते. ज्याला कॉलेजबाहेर नोकरी करावी लागे त्याच्याकडे रात्रीचे चाळीस तास कुठून असणार? पण खरी अडचण विनोद खोलीबाहेर पडला तेव्हा झाली.

क्लबातली मुलं एमआयटीच्या संगणकांवर गेली, तिथून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत, काही जण स्टॅनफर्डला. शब्द त्यांच्यासोबत गेले. १९७५ मध्ये स्टॅनफर्डच्या राफाएल फिंकेलने अशा शब्दांची एक फाइल सुरू केली. ती नेटवर्कवरून एमआयटीत पोचली, वाढत गेली आणि १९८३ मध्ये तिचं छापील पुस्तक झालं. दरम्यान इंटरनेट ज्या दस्तऐवजांवर उभं आहे त्या आरएफसींमध्ये, म्हणजे नेटवर्कचे नियम मांडणाऱ्या क्रमांकित टिपणांमध्ये, फू आणि बार उदाहरणादाखल येऊ लागले. आरएफसी २६९ मध्ये, १९७१ साली, ते दिसतात. नंतरची तीस वर्षं येतच राहिले, आणि कोणीच त्यांचा अर्थ सांगितला नाही.

शेवटी १ एप्रिल २००१ रोजी आरएफसी ३०९२ प्रसिद्ध झालं. विषय: फू या शब्दाची व्युत्पत्ती. तोवर सुमारे २१२ आरएफसींमध्ये हे शब्द कुठल्याही खुलाशाशिवाय वापरले गेले आहेत, असं त्यात सुरुवातीलाच नमूद आहे. एक एप्रिलची थट्टाच ती, पण आतली माहिती गंभीरपणे गोळा केलेली. सॅमसनच्या कोशानंतर बेचाळीस वर्षांनी त्या शब्दाला त्याची गोष्ट अधिकृतपणे मिळाली. मधल्या काळात किती जणांनी माझ्यासारखं वहीच्या समासात प्रश्नचिन्ह काढलं असेल!

याच्या उलटं उदाहरणही आहे. १ एप्रिल १९९८ ला लॅरी मॅसिंटरने आरएफसी २३२४ लिहिलं: इंटरनेटवरून कॉफीचं भांडं चालवण्याचे नियम. चहाच्या किटलीला कॉफी करायला सांगितलं तर तिने `418` हा क्रमांक पाठवून 'मी किटली आहे' असं कळवावं, अशी त्यात तरतूद होती. पुष्कळ प्रोग्रॅमरांनी हा क्रमांक खरोखरच आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये घातला. २०१७ मध्ये वेबचे नियम सांभाळणाऱ्या गटाचे प्रमुख मार्क नॉटिंगहॅम यांनी तो काढून टाका असं सुचवलं. त्यांचं म्हणणं रास्त होतं: क्रमांक मोजकेच आहेत, थट्टेत अडकवू नयेत. पण विरोध झाला, आणि त्यात पुढे होता एक पंधरा वर्षांचा मुलगा. त्याने `418` वाचवण्यासाठी वेबसाइटच काढली. विनोद झाला तेव्हा हा मुलगा जन्मलाही नव्हता. तरी तो विनोद त्याला स्वतःचा वाटला, कारण विनोदासोबत त्याची पूर्ण गोष्ट उघड्यावर पडलेली होती आणि कोणालाही ती पहिल्यापासून वाचता येत होती. क्रमांक राहिला. २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये तो 'वापरात नाही' अशा शेऱ्यासह राखून ठेवलेला आहे.

हे सगळं मी वाचलं त्याला कारण एक रात्र. तेव्हा आमची पुण्यातली चौघांची टीम होती. एकदा रिलीज लांबत लांबत पहाटेचे चार वाजले. आमच्यातला एक जण "पाच मिनिटांत पोहे खाऊन येतो" म्हणून नळस्टॉपला गेला आणि दोन तासांनी उगवला. फोन चालू, पण उचलत नव्हता. तेव्हापासून जी सेवा चालू दिसते पण उत्तर देत नाही ती 'पोहे खातेय' असं आम्ही म्हणू लागलो. फाइनच्या पाचही चाळण्यांतून सुळकन गेलेला विनोद! पुढे एका कंटाळवाण्या दुपारी मी तो कोडमध्ये लिहिला. सेवेने पाच मिनिटं उत्तर दिलं नाही की अलर्ट यायचा:

```
service=payment-queue status=POHE
```

वर्षभराने टीममध्ये नांदेडची एक मुलगी आली. तिसऱ्याच आठवड्यात रात्रीची ड्यूटी तिच्याकडे आली आणि अडीच वाजता हा अलर्ट आला. तिने आमच्या कागदपत्रांत `POHE` शोधलं, काही नाही. गूगलवर शोधलं, पाककृती आल्या. तिला वाटलं हा एखाद्या प्रोटोकॉलचा संक्षेप असणार आणि तो आपल्यालाच माहीत नाही. फोन करावा की नाही, यात तिची चाळीस मिनिटं गेली. तेवढा वेळ लोकांची पैसे भरण्याची कामं अडकून राहिली.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये तिने हे सांगितलं तेव्हा आम्ही चौघं आधी हसलो. मग मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मागच्या बाकांवर आज मी बसलो होतो.

"फोन का नाही केलास?" मी विचारलं.

"तुम्ही लोक हसाल असं वाटलं," ती म्हणाली.

त्याच दिवशी मी `POHE` काढून `NOT_RESPONDING` केलं. काम करताना ज्याच्यावर कोणाला विसंबावं लागतं तिथे विनोद नको, एवढं मला त्या रात्रीने शिकवलं. क्लबातल्या घड्याळासमोर निदान सगळे एकाच खोलीत होते. तिला नळस्टॉपची गोष्टही सांगितली. "कळली," ती म्हणाली, "पण हसू नाही आलं." बरोबरच होतं. त्या पहाटे ती तिथे नव्हती.

मात्र त्यानंतर तिने स्वतःच एक सुरू केलं. मीटिंगमध्ये कोणी न समजणारा शब्द वापरला की ती म्हणते, "रेसिपी?" म्हणजे, हा शब्द काय आहे, पहिल्यापासून सांगा. आता आम्ही सगळेच म्हणतो. गेल्या महिन्यात एक नवा मुलगा आला. त्याच्यासमोर कोणीतरी "रेसिपी?" म्हणालं, आम्ही हसलो, आणि अर्ध्या सेकंदाने तोही हसला. तिने ते टिपलं. खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि म्हणाली, "थांब, तुला माहीत नाहीये. एकदा काय झालं, रात्री अडीच वाजता..."